अर्धा सेंटिमीटर पाण्यावर चालणारा सोलर

साताऱ्यातलं दुमजली घर, गच्चीवर 200 लिटरचा सोलर, दोन सपाट पॅनल. बसवून दीड वर्ष झालेलं. तक्रार एका वाक्याची होती: उन्हाळ्यात पाणी कडकडीत, डिसेंबर उजाडला की कोमट. आधीचा फिटर तीनदा येऊन गेला होता. प्रत्येक वेळी सकाळी आठ-साडेआठला यायचा, पाइपाला हात लावायचा, पॅनलच्या माथ्यावरच्या आडव्या पाइपाचं, म्हणजे हेडरचं बूच, ज्याला डमी म्हणतात, ते ढिलं करून हवा काढायचा आणि "आता बघा" म्हणून जायचा. दोन-तीन दिवस जरा बरं, मग पुन्हा तेच. घरच्या काकूंनी आम्हाला पहिल्यांदाच बजावलं, "हवा काढून जाणार असाल तर नका येऊ. ते आता मलाही येतं."

बिघाड एक नव्हता, तीन होते, आणि तिन्हींचं मूळ एकाच गोष्टीत होतं. या सोलरला पंप नसतो. पॅनलमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, टाकीच्या तळाचं थंड पाणी जड म्हणून खाली उतरतं आणि फेरा सुरू राहतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. तो फेरा किती जोरानं चालतो, हे मात्र सहसा कुणी मोजत नाही, आणि चुका तिथेच होतात.

म्हणून आधी तो जोर मोजून घेऊ. 30 अंशांचं एक लिटर पाणी भरतं सुमारे 995.7 ग्रॅम, 42 अंशांचं भरतं 991.4 ग्रॅम. फरक लिटरमागे चार ग्रॅमच्या किंचित वर. म्हणजे एका बाजूला 30 अंशांचा आणि दुसऱ्या बाजूला 42 अंशांचा असे दोन पाण्याचे खांब एक-एक मीटर उंच उभे केले, तर थंड खांबाचा जादा रेटा चार मिलिमीटर पाण्याइतका. आता हे गच्चीवर लावून पाहू. पॅनल दोन मीटर लांब, 30 अंशांच्या कलाने बसवलेलं, म्हणजे त्याची उभी उंची एक मीटर. पॅनलमध्ये पाणी खालून वर तापत जातं, त्यामुळे सरासरी फरक निम्माच धरायचा: तिथून मिळाले दोन मिलिमीटर. पॅनलचा माथा आणि टाकीचा तळ यांच्यात 45 सेंटिमीटर अंतर असेल तर त्या टप्प्यात एका पाइपात पूर्ण गरम, दुसऱ्यात पूर्ण थंड पाणी असतं: आणखी जवळपास दोन मिलिमीटर. टाकीच्या तळापासून गरम पाणी आत शिरतं त्या तोंडापर्यंत थोडं मिळतं, पाऊण-एक मिलिमीटर. सगळं मिळून पावणेपाच. दोनशे लिटर पाणी दिवसभर फिरवायला आपल्याकडे ही एवढी ताकद असते, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही कमी.

आणि ही बेरीज आहे 30 अंशांच्या पाण्याची. थंडीत टाकीत 15 अंशांचं पाणी येतं. 15 आणि 27 अंशांच्या पाण्यात तेवढाच बारा अंशांचा फरक असला तरी वजनातला फरक लिटरमागे अडीच ग्रॅमच्या थोडाच वर असतो, कारण थंड पाणी तापताना कमी फुगतं. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी तोच सोलर उन्हाळ्यापेक्षा साठ टक्के जोरावर चालू होतो. "उन्हाळ्यात चालतो, हिवाळ्यात नाही" या तक्रारीत ऊन कमी असणं हे एक कारण असतंच, पण हे दुसरंही असतं: जी चूक उन्हाळ्यात खपून जाते, ती थंडीत खपत नाही.

कुठली चूक खपते आणि कुठली नाही, हेही सांगायला हवं. पाइपात घर्षण वाढलं, म्हणजे एखादा एल्बो जास्त झाला किंवा पाइप मीटरभर लांबला, तर प्रवाह मंदावतो. मंदावला की तेच पाणी पॅनलमध्ये जास्त वेळ राहतं, जास्त तापतं, वजनातला फरक वाढतो आणि रेटाही वाढतो. यंत्रणा आपली आपण सावरते. विरोध चौपट झाला तरी प्रवाह निम्म्यावर येतो, बंद पडत नाही. अर्थात यालाही मर्यादा आहे. एक इंची जीआय पाइपाचं आतलं माप सुमारे 27 मिलिमीटर, अर्धा इंचीचं 16. तेवढंच पाणी ढकलायला अर्ध्या इंचीत निदान आठपट जोर लागतो. पॅनल आणि टाकी यांच्या फेऱ्यात अर्धा इंची तुकडा, अगदी रेड्यूसर लावून घातलेला हातभर तुकडासुद्धा, चालवून घेऊ नये. तसाच स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो थंड पाण्याच्या भरणीच्या लाइनवर हवा, या फेऱ्यात नव्हे. त्याची स्प्रिंग उघडायला लागणारा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर शेकड्यांनी मिलिमीटर भरतो. आपल्याकडे पावणेपाच आहेत.

हवेचं मात्र तसं नाही. हवेचा बुडबुडा पाइपाच्या उंचवट्यात अडकला की तिथे सावरणं नसतं. पलीकडे जायला पाण्याला तो उंचवटा ओलांडावा लागतो. उंचवटा दोन-तीन सेंटिमीटरचा आणि रेटा अर्ध्या सेंटिमीटरचा, म्हणजे फेरा थांबलाच. हवा येते कुठून, असं विचारतात. पाण्यातूनच येते. थंड पाण्यात विरघळलेली हवा असते आणि पाणी तापलं की ती सुटते, पातेल्यात पाणी उकळायच्या आधी कडेला बारीक फुगे धरतात तीच. रोज दोनशे लिटर नवं पाणी तापवायचं म्हटलं तर रोज अर्धा लिटरच्या आसपास हवा सहज निघते. एकदा हवा काढून काम भागत नाही ते यामुळे. हवेला रोज आपोआप बाहेर जायला वाट हवी. ती वाट म्हणजे पॅनलपासून टाकीपर्यंत कुठेही न मोडणारा चढ, आणि टाकीवरचा व्हेंट पाइप.

आता साताऱ्याची गच्ची. पॅनल दक्षिणेला तोंड करून, शेजारी शेजारी दोन. थंड पाणी पश्चिमेकडच्या खालच्या कोपऱ्यातून आत, गरम पाणी पूर्वेकडच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर. ही तिरपी जोडणी बरोबर होती. एकाच बाजूनं आत-बाहेर केलं तर लांबच्या पॅनलमधून पाणी फिरतच नाही. टाकी मात्र पॅनलच्या मागे नव्हती. ती पूर्वेला 2.4 मीटर बाजूला होती, कारण खालची तुळई तिथे होती. भरलेली टाकी आणि स्टँड मिळून अडीचशे किलोच्या वर वजन, ते तुळईवर किंवा भिंतीवर घेणं योग्यच. तेव्हा टाकीची जागा हलवायची नाही हे आधीच ठरलं.

पहिलं माप घेतलं पॅनलच्या माथ्याच्या हेडरचं. पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लेव्हल घेतात तसं, हेडरच्या दोन टोकांची उंची बघितली. दोन पॅनल मिळून हेडरची लांबी 2.1 मीटर. पूर्वेचं टोक, म्हणजे जिथून गरम पाणी आणि हवा बाहेर पडायची तेच टोक, 2.5 सेंटिमीटरनं खाली निघालं. कारण सरळ होतं. गच्चीला पावसाचं पाणी जायला उतार असतो, इथे तो पूर्वेकडे होता, साधारण ऐंशीला एक. स्टँडचे चारही पाय सारख्या उंचीचे, सुबक वेल्ड केलेले, आणि गच्चीवर ठेवलेले. स्टँड गच्चीला समांतर बसला, म्हणजेच तिरका बसला. हवा पश्चिमेच्या वरच्या कोपऱ्यात जमत राहिली. तो डमी ढिला केला की ती फुसकन निघायची आणि पश्चिमेचं पॅनल काही दिवस काम करायचं. काकूंना "येत होतं" ते हेच.

गच्चीच्या जमिनीपासून टेपनं मापं घेऊन सोलर बसवू नये, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. जमीन सपाट नसतेच. नळीची लेव्हल किंवा निदान लांब पाणसळ लागते.

दुसरं माप, टाकीची उंची. पॅनलच्या माथ्यापासून टाकीच्या तळापर्यंत फक्त 8 सेंटिमीटर. वरच्या हिशेबात 45 सेंटिमीटरमुळे मिळणारे दोन मिलिमीटर इथे जेमतेम 0.3 होते. एकूण रेटा पावणेपाचऐवजी तीन मिलिमीटर.

दिवसा जोर कमी पडणं हा याचा लहान तोटा. मोठा तोटा रात्रीचा. रात्री स्वच्छ आभाळाखाली पॅनल हवेपेक्षाही थंड होतं. टाकीत 55 अंशांचं पाणी, बाहेरच्या उघड्या गरम पाइपातलं पाणी मात्र तासाभरात 15-20 अंशांवर आलेलं. ते टाकीतल्या पाण्यापेक्षा जड, म्हणून पॅनलकडे खाली सरकतं, त्याच्या जागी टाकीतलं गरम पाणी पाइपात येतं. आता हे गरम पाणी पॅनलपर्यंत पोचतं की नाही, यावर सगळं अवलंबून. गरम पाण्याला खाली उतरायचं नसतं. पॅनल आणि टाकी यांच्यात 45 सेंटिमीटर उभं अंतर असेल तर तेवढं खाली ढकललं जाताना त्याचा हलकेपणाच आड येतो आणि फेरा तिथे अडतो. अंतर आठच सेंटिमीटर असेल तर ते सहज पॅनलमध्ये पोचतं, तिथे थंड होतं आणि मीटरभर उंचीचा थंड खांब उलटा पंप होऊन रात्रभर चालू राहतो. टाकीतलं गरम पाणी वरच्या तोंडातून बाहेर, गार झालेलं तळातून आत.

हे ओळखायला काही साधन लागत नाही. पहाटे, ऊन यायच्या आधी, पॅनलच्या वरच्या कोपऱ्यातल्या पाइपाला आणि खालच्या पाइपाला हात लावायचा. दोन्ही बाहेरच्या हवेइतके गार हवेत. वरचा गरम आणि खालचा कोमट लागला तर रात्रभर उलटा फेरा चालला आहे. इथे तसंच होतं. संध्याकाळी सातला टाकीतलं पाणी 47 अंश, पहाटे सहाला 36. अकरा तासांत अकरा अंश. पन्नास मिलिमीटर पफ फोमचं आवरण असलेल्या टाकीला तीन-चार अंशांपेक्षा जास्त उतरायचं काही कारण नव्हतं.

तिसरा बिघाड आम्हालाही सकाळी दिसला नाही. गरम पाइप एक इंची सीपीव्हीसीचा होता. पॅनलच्या कोपऱ्यातून 40 सेंटिमीटर सरळ वर, तिथे एल्बो, मग 2.4 मीटर आडवा जाऊन टाकीत. सकाळी नऊला लेव्हल घेतली तर आडव्या भागात टाकीकडे 2.4 सेंटिमीटर चढ. मीटरला एक सेंटिमीटर. कमीच; आम्ही मीटरला निदान दोन आणि जमेल तिथे पाच धरतो. पण दिशा बरोबर होती, कुठे मोड नव्हती. हात लावला तर पाइप कोमट, म्हणजे फेरा सुरू होता. याच वेळी पाहून आधीचा फिटर जात असणार.

साडेबाराला पुन्हा वर गेलो. पॅनलच्या तोंडाशी पाइप 88 अंश, टाकीजवळ 31. पॅनलमधून गुडगुड आवाज. फेरा बंद पडलेला. आणि आडवा पाइप मधोमध कमानीसारखा वर उचललेला, चार सेंटिमीटर.

सीपीव्हीसी तापला की लांबतो, मीटरमागे दर अंशाला 0.065 मिलिमीटरच्या आसपास. 2.4 मीटरचा पाइप पन्नास अंशांनी तापला की सुमारे आठ मिलिमीटर वाढतो. ऐकायला किरकोळ. पण दोन्ही टोकं घट्ट धरलेली असतील तर ते आठ मिलिमीटर जाणार कुठे? पाइप वाकतो, आणि आठ मिलिमीटर जादा लांबी मधल्या भागाला सात-आठ सेंटिमीटरपर्यंत उचलू शकते. इथे थोडा वाक बाजूला गेला, वर चार सेंटिमीटरच आला. तेवढाही पुरला. हिशेब बघा: मधला बिंदू मुळात एल्बोपेक्षा 1.2 सेंटिमीटर वर, त्यात चार मिळवले की 5.2. टाकीकडचं टोक 2.4 वर. म्हणजे कमानीचा माथा टाकीच्या तोंडापेक्षा 28 मिलिमीटर उंच. पाइपाचं आतलं माप जवळपास 23 मिलिमीटर. माथ्याशी अख्खा पाइप हवेनं भरतो, पाण्याला खालून सरपटत जायलाही जागा उरत नाही. उंचवटा वीस मिलिमीटरच्या आत असता तर निदान झिरपल्यासारखं पाणी चालू राहिलं असतं.

संध्याकाळी पाइप गार होऊन सरळ होतो, हवा सरकत टाकीत निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं व्यवस्थित. सोलरची तपासणी दुपारी बारा ते दोनमध्येच करायची, ती याचसाठी. थंड पाइपावरची लेव्हल खरी नसते.

काम दोन दिवसांचं निघालं. आधी टाकीची उंची ठरवली, कारण तिला वरूनही मर्यादा असते. पॅनलची खालची कड गच्चीपासून 20 सेंटिमीटर, माथा 120 वर. त्यावर 45, म्हणजे टाकीचा तळ 165 वर. टाकीचा बाहेरचा व्यास 55, म्हणजे टाकीचा माथा 220 वर. थंड पाण्याच्या टाकीचा तळ याच्याही वर हवा, किमान 230, साडेसात फूट म्हणा. तसं नसेल तर गरम टाकी पूर्ण भरत नाही, वर हवा राहते, आणि पॅनलकडून येणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडलं की फेरा तुटतो. इथे थंड टाकी जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर, 260 सेंटिमीटरवर होती, त्यामुळे अडचण आली नाही. ज्यांची थंड टाकी पावणेसात-सात फुटांवर आहे त्यांनी आधी पॅनलची खालची कड दहा सेंटिमीटरपर्यंत उतरवावी, मग टाकीचं अंतर 30 पर्यंत आणावं. तीसच्या खाली आम्ही जात नाही. त्यापेक्षा थंड टाकीखाली ओटा बांधणं स्वस्त पडतं. उलट साठ सेंटिमीटरच्या वर नेऊनही फार हाती लागत नाही. पुढच्या 30 सेंटिमीटरना सव्वा मिलिमीटर रेटा वाढतो, पण प्रवाह त्याच्या वर्गमुळानं वाढतो, म्हणजे अकरा टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी वाऱ्यात उभा राहणारा उंच स्टँड आणि थंड होणारा जादा पाइप पदरी घ्यायचा.

वेल्डरनं टाकीच्या स्टँडचे पाय 37 सेंटिमीटरनं वाढवले आणि दोन बाजूंना तिरपे अँगल मारले. उंची वाढली की हे लागतंच. पॅनलच्या स्टँडचे पूर्वेचे पाय सोडवून त्यांच्याखाली पाच सेंटिमीटरची काँक्रीटची उशी दिली. त्यातले अडीच गच्चीचा उतार खाऊन टाकतो, उरलेले अडीच हेडरला गरम तोंडाकडे चढ देतात. या एका तिरपेपणात दोन कामं होतात: सगळ्यात उंच जागा गरम पाण्याच्या तोंडाशी येते आणि सगळ्यात खालची जागा पश्चिमेच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे ड्रेन व्हॉल्व्ह बसवायचा असतो. खालून बघणाऱ्याला पॅनल किंचित वाकडं दिसतं. घरच्या काकांनी विचारलंच, "हे असं तिरकं राहणार का?" राहणार.

गरम पाइप जीआयचा घेतला, एक इंची. तो सीपीव्हीसीच्या पाचव्या हिश्श्यानंच लांबतो; 2.4 मीटरला दीड मिलिमीटर. टाकी वर गेल्यामुळे पॅनलच्या तोंडापासून टाकीच्या तोंडापर्यंत आता 80 सेंटिमीटर चढ उपलब्ध होता. तो आधी उभा मग आडवा असा न वापरता पाइप सरळ तिरपा नेला, दोन्ही टोकांना 45 अंशांचे बेंड, टाकीपाशी एक युनियन, म्हणजे उघडता येणारा सांधा. प्लंबरला हे आवडत नाही. इतर सगळ्या कामांत ओळंब्यात आणि पाणसळीत पाइप नेणं हे चांगल्या हाताचं लक्षण, आणि इथे तोच आडवा पाइप दोषी. पण तिरप्या पाइपाला चढ मोजावाच लागत नाही, तो नजरेनं दिसतो, आणि एखादा क्लॅम्प निसटला तरी उंचवटा तयार होत नाही. आडवा नेणं भागच असेल तर प्रत्येक क्लॅम्प लेव्हलनं लावायचा, पाऊण मीटरवर एक, आणि एक टोक सरकायला मोकळं ठेवायचं.

थंड पाइप टाकीच्या तळापासून पश्चिमेच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, आडवं अंतर साडेचार मीटर. त्यालाही सतत उतार दिला, मीटरला दोन सेंटिमीटर, म्हणजे नऊ. या पाइपातही हवा सुटते आणि तिला टाकीकडे वर जायचं असतं. जुन्या जोडणीत हा पाइप एका ठिकाणी कठड्याच्या पावसाळी पाइपावरून उडी मारून गेला होता. तो खालून घेतला. ही उडी फारशी त्रासदायक ठरली नव्हती, पण उंचवटा दिसला की ठेवू नये.

आट्यांना सूत आणि सफेदा लावताना सूत पाइपाच्या तोंडाच्या आत लोंबणार नाही हे बघायचं. बारीक गोष्ट आहे, पण कमी जोराच्या फेऱ्यात आत लोंबलेलं सूत गाळ धरून बसतं.

व्हेंट पाइप टाकीच्या माथ्यापासून थंड टाकीच्या वरच्या कडेपेक्षा 30 सेंटिमीटर उंच नेला, वरचं टोक खाली वळवलेलं. व्हेंटमधलं पाणी गरम, म्हणून हलकं, त्यामुळे त्याची पातळी थंड टाकीच्या पातळीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वरच असते. अगदी कडेशी कापलेला व्हेंट भरउन्हात ठिबकतो आणि लोक मग त्याला बूच मारतात. बूच मारलेला व्हेंट म्हणजे हवेची वाट बंद, आणि दाबानं टाकी फुगण्याची किंवा पाणी उपसलं जाताना आत चेपण्याची सोय.

पाणी भरलं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, पॅनलवर ताडपत्री टाकून. तापलेल्या रिकाम्या पॅनलमध्ये थंड पाणी सोडलं तर वाफ उडते आणि सांध्यांना झटका बसतो. भरणीचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडला, म्हणजे पाणी खालून चढेल आणि हवा पुढे ढकलली जाईल. पश्चिमेचा वरचा डमी ढिला ठेवला, तिथून अखंड पाणी आल्यावर कसला. मग टाकीपाशी गरम पाइपाचं युनियन अर्धा आटा सैल केलं. फुसफुस थांबून पाणी गळायला लागल्यावर घट्ट. शेवटी व्हेंटमध्ये पाणी आलं याची खात्री केली. इन्सुलेशन लगेच चढवलं नाही. पाइपात पाणी भरलं की वजन येतं, एक इंची पाइपात मीटरला अर्ध्या किलोपेक्षा जास्त, आणि लेव्हल तेव्हाच पुन्हा बघायची असते.

दुपारी साडेबाराला थंड पाइप 29 अंश, गरम पाइप 43. चौदा अंशांचा फरक. हा आकडा प्रवाहाचा मीटर म्हणून वाचता येतो. चार चौरस मीटर पॅनल, भरउन्हात चौरस मीटरला 800 वॅट धरले आणि त्यातले पंचावन्न टक्के पाण्यात उतरले तर 1760 वॅट. तेवढ्या उष्णतेनं पाणी चौदा अंश वाढत असेल तर मिनिटाला सुमारे 1.8 लिटर पाणी फिरतं आहे. दहा ते वीस अंशांमध्ये फरक असला की फेरा निरोगी समजावा. तीसच्या पुढे गेला तर कुठेतरी गळा आवळलेला आहे: हवा, अर्धवट उघडा गेट व्हॉल्व्ह, किंवा बोअरच्या जड पाण्यानं पॅनलमधल्या उभ्या नळ्यांत, म्हणजे रायझरमध्ये धरलेला क्षार. क्षार असेल तर फरक महिन्यागणिक हळूहळू वाढत जातो. हवा असेल तर एका दिवसात उडी मारतो.

मोजायला प्रोबवाला साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, प्रोब पाइपाला टेकवून वर चिंधी गुंडाळावी आणि दोन मिनिटं थांबावं. दुरून रोखायचं इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत जीआय पाइपावर भलतंच कमी दाखवतं. तेच हवं असेल तर पाइपावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखायचं.

सगळं ठीक दिसल्यावर दोन्ही पाइपांवर 13 मिलिमीटरची नायट्राइल नळी चढवली आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळली. उघडी नायट्राइल दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. काही जण फक्त गरम पाइपाला आवरण घालतात. थंड पाइपही झाकावा, कारण उन्हात तापलेला उघडा थंड पाइप आपला रेटाच खातो: त्यातलं पाणी जितकं कोमट, तितका वजनातला फरक कमी. टाकीपाशी, तोंडाला लागून असलेला गरम पाइपाचा हातभर भाग आधी झाकायचा, तिथेच रात्रीच्या उलट्या फेऱ्याची सुरुवात होते.

एक खुलासा, कारण विचारणा होते. काचेच्या नळ्यांचा सोलर, म्हणजे नळ्या थेट टाकीत खोचलेल्या असतात तो, याच तत्त्वावर चालतो, पण त्यात टाकी आणि नळ्या यांच्यात पाइपच नसतो. तिथे अंतराचा आणि चढाचा प्रश्न कारखान्यातच मिटलेला असतो. टाकी आडवी लेव्हलमध्ये आहे ना आणि व्हेंट मोकळा आहे ना, एवढंच बघायचं.

चार दिवसांनी संध्याकाळी सातला टाकीत 57 अंश, दुसऱ्या पहाटे सहाला 53. पॅनलवर दव पडलेलं, वरचा पाइप आणि खालचा पाइप दोन्ही सारखेच गार. काकूंनी विचारलं, महिन्यातून एकदा डमी ढिला करायचा का. त्या डमीवर आम्ही आधीच रंगाची खूण करून ठेवली होती, आटा फिरला तर कळावं म्हणून.